मदत हवी आहे: टॉवर उतरवण्याच्या तरतुदीवर दरवर्षी सारखीच रक्कम टाकली, ऑडिटर म्हणतात चूक

निपाणीचा_हिशेबनीस
नमस्कार. निपाणी-चिकोडी भागात मोबाइल टॉवर उभारून भाड्याने देणाऱ्या एका छोट्या कंपनीचे हिशेब बघतो. इंड एएस लागू आहे. जागा शेतकऱ्यांकडून १० वर्षांच्या करारावर घेतलेल्या. मुदत संपली की टॉवर उतरवून जागा होती तशी करून द्यायची, असं करारातच आहे.

एका टॉवरचे आकडे देतो. आज उतरवायचा तर २ लाख लागतील. वर्षाला ५ टक्के महागाई धरली की दहाव्या वर्षी ३,२५,७७९ होतात. ८ टक्क्यांनी त्याची आजची किंमत १,५०,८९९. ती टॉवरच्या किमतीत मिळवली आणि तेवढीच तरतूद दाखवली. उरलेल्या १,७४,८८० ला दहाने भागून दरवर्षी १७,४८८ व्याजखर्च टाकतोय. तीन वर्षं झाली. दहाव्या वर्षी बेरीज बरोबर जुळते, मग चुकलं कुठे?

उद्यमबागवाला
एवढा खटाटोप कशाला ओ? टॉवरचं लोखंड भंगारात घाला, आमच्याकडच्या फाउंड्र्या हसत घेतील. उतरवायचा खर्च त्यातनंच निघतो. तरतूद शून्य.

जुना_लेखापरीक्षक
भंगाराचे पैसे तरतुदीतून वजा करता येत नाहीत. ते टॉवरचं अवशिष्ट मूल्य, त्याचा विचार घसाऱ्यात होतो.

आता मूळ प्रश्न. शेवटची बेरीज जुळते म्हणूनच ही चूक लपते. तुम्ही प्रत्येक वर्षाचं व्याज त्या वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकीने भागून बघा. पहिल्या वर्षी ११.६ टक्के येईल, दहाव्या वर्षी ५.७. तुम्ही धरलेला दर तर ८ आहे! कर्ज फेडलं नाही तर व्याजावर व्याज चढतं, तसंच हे. पहिल्या वर्षी १२,०७२, दुसऱ्या वर्षी १३,०३८, तिसऱ्या वर्षी १४,०८१, असं वाढत दहाव्या वर्षी २४,१३२. तीन वर्षांनंतर तरतूद १,९०,०९० च्या आसपास हवी, तुमच्याकडे २,०३,३६३ आहे. एका टॉवरला १३ हजार म्हणजे किरकोळ, पण टॉवर किती आहेत?

निपाणीचा_हिशेबनीस
४६. म्हणजे सहा लाखांच्या वर. आता कळलं ऑडिटर का चिडले ते.

सीए_इंटर_दुसऱ्यांदा
सर, हा व्याजखर्चच आहे ना? मग टॉवरच्या किमतीत चढवा, नफ्याला धक्का लागणार नाही.

जुना_लेखापरीक्षक
पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. वित्तीय खर्च म्हणून दाखवायचा, पण मालमत्तेवर चढवायला स्पष्ट मनाई आहे. चढवायचा असतो तो अंदाजातला बदल. तोही फक्त अंदाजातला, तुमची भागाकाराची चूक त्यात मिसळू नका. ती आधी वेगळी दुरुस्त करा.

खानापूरचा_रानमालक
आमच्या रानातला टॉवर दोन वर्षांमागं काढून नेला. वरचं सगळं गेलं, पण खालचं काँक्रीट तसंच आहे. नांगर अडकायलाय. त्याची भरपाई कुणाकडं मागायची?

उद्यमबागवाला
काका, हा हिशेबाचा धागा आहे, वकिलाकडं जावा.

जुना_लेखापरीक्षक
थांबा, काकांनी कामाचीच गोष्ट काढली. काका, पायाबद्दल तुमच्या करारात काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या. आणि हिशेबनीस, तुमच्या २ लाखांत पाया फोडणं, मलबा उचलणं, माती भरणं धरलंय का?

निपाणीचा_हिशेबनीस
नाही. क्रेन, मजूर आणि वाहतूक एवढंच. कंत्राटदाराला आत्ताच फोन केला. पायासकट दहाव्या वर्षी ४ लाख लागतील म्हणतो.

जुना_लेखापरीक्षक
मग ७ वर्षं उरली, दर ८ टक्केच राहिला असं धरू. आजची किंमत २,३३,३९६. दुरुस्त शिलकीपेक्षा ती सुमारे ४३,३०० जास्त. ही वाढ टॉवरच्या किमतीत जाईल आणि उरलेल्या ७ वर्षांत घसाऱ्यात निघेल. पुढच्या वर्षीचं व्याज १८,६७२. मात्र ८ टक्के दरवर्षी तपासा. बाजारातले दर हलले की तरतूद नव्याने मोजायची आणि तो फरकही टॉवरच्या किमतीतच घ्यायचा.

एक बारकावा आहे. टॉवर तुमचा, जमीन भाड्याची. जमीन पूर्ववत करण्याचा भाग टॉवरऐवजी भाडेहक्काच्या मालमत्तेत घ्यावा असं काही जण म्हणतात. पाया टॉवरचाच म्हणून मी तो टॉवरमध्ये घेतो, पण ऑडिटरशी आधी बोला.

निपाणीचा_हिशेबनीस
आणि करार वाढला तर? आमचे बहुतेक शेतकरी पुढे १० वर्षं देतात.

सीए_इंटर_दुसऱ्यांदा
मग २० वर्षंच धरा, तरतूद अर्ध्याहून कमी होईल.

जुना_लेखापरीक्षक
इतक्या घाईनं नको. महागाईही २० वर्षांची धरावी लागेल. मग १,५०,८९९ ची जागा साधारण १,१४,००० घेतील, अर्ध्याहून कमी नाही. शिवाय वाढवायचा हक्क तुमच्या हातात आहे की शेतकऱ्याच्या मर्जीवर, ते कराराची प्रत बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

खानापूरचा_रानमालक
करार वाचून काढला. 'जागा मोकळी करून देणे' एवढंच लिहिलंय, पायाचं नाव नाही. त्यात काँक्रीट येतं का ओ?