मदत हवी आहे: हिंदीभाषक विद्यार्थ्याचा मराठी निबंध तपासताना गुण कुठे कापायचे?

परळची_बाई
नमस्कार. दादरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. घरी हिंदी बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याने 1982 च्या गिरणी संपानंतरच्या गिरणगावावर अभ्यासनिबंध लिहिलाय. एकूण 20 गुण: आशय 8, मांडणी व वाक्यांची जोडणी 6, व्याकरण 6. व्याकरणात दर चुकीला अर्धा गुण कापायचा अशी आमची पद्धत. ही दोन वाक्यं बघा:

'संपमुळे हा शहर बदलला. तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.'

इथेच सहा लाल वर्तुळं, म्हणजे तीन गुण गेले. पहिलं पान संपायच्या आत व्याकरणाचे सगळे गुण संपले. पण पोरगा लालबागच्या जुन्या कामगारांशी बोलून आलाय, मुद्दे स्वतःचे आहेत. माझं तपासणं चुकतंय असं मनापासून वाटतंय.

समीर_ठाणे
ताई, हिंदीत नपुंसकलिंगच नाही, तिथे शहर 'तो' असतं. मग त्याचा काय दोष? हिंदीवाल्या मुलांच्या सगळ्या चुका हिंदीतूनच येतात. व्याकरणाचे गुण सरळ देऊन टाका.

आई_बोरिवली
माझ्या मुलाच्या इंग्रजी शाळेत 2020 च्या कायद्यामुळे मराठी सक्तीचं झालंय. त्याला निबंधात सूट मिळेल का?

परळची_बाई
ताई, शाळेच्या नियमांचं मला सांगता येणार नाही, वेगळा धागा काढाल का? इथे प्रश्न कॉलेजच्या निबंधाचा आहे.

जुना_परीक्षक
बाई, ती सहा वर्तुळं पुन्हा मोजा. 'संपमुळे' वेगळं, तिथे सामान्यरूप हवं होतं. उरलेली पाच म्हणजे हा, बदलला, तो, पहिल्यासारखा, झाला. पाचही एकाच समजुतीतून आलीत, की शहर पुल्लिंगी आहे. त्याने एकच चूक केली, ती मराठीच्या रचनेमुळे पाच ठिकाणी दिसली. ती एकदाच मोजा. पुढे 'समाजमध्ये', 'बाजारमध्ये' असेल तर तेही 'संपमुळे'च्याच खात्यात टाका.

त्याआधी पेन्सिलीने निबंधातले सगळे 'शहर' अधोरेखित करा. कुठे 'हे शहर' बरोबर आलं असेल तर त्याला नियम ठाऊक आहे, घाईत सुटलाय. सगळीकडे 'हा' असेल तर नियमच शिकलेला नाही. भाषातज्ज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये हा फरक मांडला तेव्हापासून तपासनीस तो वापरतात.

आता 'तो' कडे परत या. 'तो पहिल्यासारखा झाला नाही' म्हणजे संप की शहर? दोन्ही पुल्लिंगी केल्यामुळे वाचक अडखळतो. 'ते' लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. 'हा शहर' कानाला खटकतं पण अर्थ हलत नाही; 'तो' मात्र वाक्यांची जोडणी सोडवतो. म्हणून गुण तिथे कापा.

समीर, सगळं हिंदीतून येत नाही. प्रमाण हिंदीत 'मज़दूरों ने बताया' असा 'ने' असतोच. या मुलाने 'कामगार मला सांगितले' असं काही लिहिलं असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

परळची_बाई
सर, अगदी असंच लिहिलंय, तीन वेळा! आज विचारलं, घरी भोजपुरी बोलतात.

जुना_परीक्षक
मग उलगडलं. भोजपुरीत तो 'ने' नाही. हीही एकच नोंद.

परळची_बाई
पण शहराचं लिंग व्याकरणात मोजलं आणि 'तो' जोडणीत, तर एका चुकीला दोनदा शिक्षा नाही का?

जुना_परीक्षक
मी अशा वेळी व्याकरणात फक्त शेरा लिहितो, गुण जोडणीत कापतो. माझे एक सहकारी उलट करतात. दोघांनी एकच निबंध तपासला की अर्ध्या-एक गुणाचा फरक पडतोच.

लालबागचा_मुलगा
'कामगारांना घर भेटलं नाही' असंही असेल ना त्यात? त्याला हात लावू नका. आमच्या चाळीत चार पिढ्या 'भेटलं'च म्हणतात, ती मुंबईची मराठी आहे.

परळची_बाई
आहे खरं. तेच वाक्य पूर्ण देते: 'गिरणीच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, जेव्हा की कामगारांना घर भेटले नाही.' 'भेटले'वर काय करावं ते माझं अजून ठरत नाहीये. बोलण्यात चालतं, अभ्यासनिबंधात 'मिळाले' हवं असं वाटतं.

जुना_परीक्षक
'भेटले'चे गुण मी कापणार नाही, समासात 'मिळाले' लिहीन. 'जेव्हा की' ची गोष्ट वेगळी. ते 'जबकि' आहे. आपल्याला हिंदी येतं म्हणून कळतं, हिंदी न येणारा वाचक 'जेव्हा' वाचून वेळेचा संबंध शोधत बसेल. पण विरोध दाखवायची जागा मुलाने अचूक ओळखलीय. दुसऱ्या एखाद्या निबंधात 'तसेच', 'त्यामुळे', 'म्हणून' सगळं शुद्ध असतं आणि दोन वाक्यांत कार्यकारण काहीच नसतं. जोडणीचे गुण तिथे जास्त जायला हवेत.

परळची_बाई
पुन्हा तपासलं. व्याकरणात तीन नोंदी: शहराचं लिंग फक्त शेऱ्यापुरतं, सामान्यरूप आणि 'ने' यांचा प्रत्येकी अर्धा गुण कापला, म्हणजे 6 पैकी 5. जोडणीत 'तो' आणि 'जेव्हा की' यांचा मिळून एक. लाल पेनाऐवजी समासात तीन ओळी लिहिल्या, प्रत्येकीसमोर त्याचीच दोन-दोन वाक्यं. आता पंचाईत अशी की दुसऱ्या तुकडीचे निबंध तपासणाऱ्या बाई दर चुकीला अर्धा गुणच कापतायत. दोन्ही तुकड्यांची यादी एकत्र लागणार आहे. हे कुणी आपल्या विभागात कसं जुळवलंय?