संचयी एफडी की तिमाही व्याज दुसरीकडे गुंतवायचं? पाच वर्षांनी जास्त कशात?

मंदार: दहा लाख रुपये 5 वर्षांसाठी ठेवायचे आहेत, दर 7 टक्के मिळतोय. व्याजाची घरखर्चाला गरज नाही. व्याज ठेवीतच साठत जाणारी संचयी ठेव करून मोकळं व्हावं, की दर तिमाहीचं व्याज घेऊन दुसरीकडे गुंतवत राहावं? शेवटी हातात जास्त कशात पडेल, एवढंच बघायचंय.

शैलजा: संचयीच करा. दहा लाखांचे 14,14,778 होतात. तिमाही व्याज घेतलंत तर दर वेळी 17,500, म्हणजे पाच वर्षांत साडेतीन लाख. सरळ 64,778 रुपयांवर पाणी सोडायचं! बँकांच्या तक्त्यातही अशा ठेवीचा परतावा 8.30 टक्के दाखवतात. म्हणजे व्याज दुसरीकडे टाकायचं तर तिथे निदान तेवढे मिळायला हवेत. इतका खात्रीचा परतावा कोण देतंय?

विलासकाका: शैलजाताई, तुमचा 14,14,778 चा आकडा अगदी बरोबर. 8.30 मात्र या तुलनेत वापरू नका. एकूण व्याज 4,14,778, त्याला पाच वर्षांनी भागलं की 8.30 येतं. त्यात चक्रवाढीचा वेळ धरलेलाच नाही, म्हणून मुदत वाढवली की तो आकडा आपोआप फुगतो. बँक तिमाही चक्रवाढ लावते, त्यामुळे 7 टक्क्यांचा खरा वार्षिक परतावा 7.19. बाहेर काढलेलं व्याज वर्षाला 7.19 ने वाढलं, तर दोन्ही वाटांनी पैसे सारखेच होतात. दोन्हीकडे मुद्दल तेच, व्याजदर तोच. फरक पडतो तो फक्त व्याजावर पुढे काय मिळतं याचा.

आणि व्याज नुसतं बचत खात्यात पडून राहिलं तर? अडीच टक्के धरा, पाच वर्षांनी एकूण 13,71,582. म्हणजे 43 हजार कमी. बँकेत नोकरी करताना हे फार पाहिलंय. "दुसरीकडे गुंतवतो" म्हणून तिमाही व्याज घेणारे बरेच जण ते खात्यातच ठेवत.

हे सगळं कर न धरता. मंदार, तुमचा स्लॅब कोणता?

मंदार: 30 टक्के, काका. वय 41.

ओंकार: मग तर विचारच नको. तिमाही व्याज घे आणि इक्विटी फंडात टाक. 12 टक्के धर, संचयी कुठल्या कुठे मागे पडते.

विलासकाका: थांबा ओंकार, आधी कर नीट मांडू. संचयी ठेवीत व्याज हातात येत नाही, पण कर दरवर्षी लागतो. वर्षाचं व्याज 50 हजारांवर गेलं की बँक 10 टक्के टीडीएस कापते आणि बहुतेक वेळा तो ठेवीतूनच जातो. म्हणून पावतीवर छापलेली रक्कम शेवटी मिळत नाही, आणि लोक काउंटरवर येऊन भांडतात. उरलेला कर तुम्ही पगारातून भरता. तो ठेवीतून गेला नाही म्हणून हिशेबातून सुटत नाही.

सेस धरून 31.2 टक्के जातात. 7 चे राहतात साधारण 4.8. सोयीसाठी कर ठेवीतूनच, त्या त्या तिमाहीला गेला असं धरलं, तर दहा लाखांचे सुमारे 12,70,400 होतात. तिमाही व्याजात 17,500 पैकी तुमचे 12,040. आता व्याजाने दुसरीकडे, करानंतर, वर्षाला फक्त 4.9 टक्के कमावले तरी बरोबरी होते. कर न भरणाऱ्या आजोबांना तिथे 7.19 लागतात.

पण तेच व्याज आरडीत किंवा दुसऱ्या एफडीत टाकलंत, तर दर तोच आणि करही तोच. धावपळ तेवढी वाढते, पदरात जास्त काही पडत नाही. जिथे कर वेगळा आहे तिथेच फरक पडेल.

ओंकार: तेच म्हणतोय! 12,040 दर तिमाहीला, 12 टक्क्यांनी, 3,19,400 होतात. एकूण 13,19,400. संचयीच्या 49 हजार पुढे. नफा 78,600, म्हणजे इक्विटीच्या दीर्घकालीन नफ्यावरच्या सव्वा लाखाच्या सवलतीच्या आत. कर शून्य.

विलासकाका: शून्य तेव्हाच, जेव्हा त्या वर्षी दुसरा दीर्घकालीन नफा नसेल आणि शेवटच्या चार हप्त्यांची युनिट्स वर्ष पूर्ण होईपर्यंत विकली नाहीत. नाहीतर त्यांच्या नफ्यावर 20 टक्के.

आणि 12 टक्के हे तुम्ही धरलेत, कुणी कबूल केलेले नाहीत. पाचव्या वर्षी बाजार पडून गुंतवलेल्या रकमेच्या 20 टक्के खाली आला, तर 2,40,800 चे 1,92,640 राहतील. मग संचयीच्या 78 हजार मागे.

रेवती: मला ही तुलनाच पटत नाही. वीस हप्त्यांपैकी पहिल्याला पावणेपाच वर्षं मिळतात आणि शेवटच्याला एक दिवसही नाही. सरासरी हप्ता फंडात सव्वादोन-अडीच वर्षं राहतो. शेअर बाजारासाठी ही मुदत तोकडी. मंदारला थोडी जोखीम घ्यायचीच असेल, तर पहिल्याच दिवशी आठ लाख संचयीत आणि दोन लाख फंडात टाकावेत. ते दोन लाख निदान पूर्ण पाच वर्षं राहतील.

ओंकार: पण मग दोन लाख मुद्दल पहिल्या दिवसापासून धोक्यात, रेवती. माझ्या पद्धतीत सगळा बाजार बुडाला तरी दहा लाख जागच्या जागी. फक्त व्याज पणाला लागतं.

रेवती: पाच वर्षांनी फंडातले तीन लाख तुझे नसतात का? कागदावर व्याज म्हटलं म्हणून ते गेल्याचं दुःख कमी होत नाही.

सुनंदा: मी आईसाठी विचारते. तिला दरमहा व्याज लागतं, औषधांना. दरमहा घेतलं तर तिमाहीपेक्षा चक्रवाढ जास्त होईल ना?

विलासकाका: नाही ताई. खर्चासाठी काढलेल्या व्याजावर चक्रवाढ होतच नाही. शिवाय मासिक व्याज बँक कसर कापून देते. दहा लाखांवर 7 टक्क्यांनी महिन्याला 5,833 नाही, सुमारे 5,800 मिळतात. औषधांचा खर्च असेल तर मासिकच घ्या, शेवटच्या रकमेचा हिशेब तुमच्यासाठी नाही.

शैलजा: 8.30 बद्दल काकांचं मान्य. पण एक गोष्ट कुणी बोललंच नाही. संचयीत व्याजावरचा दरही पाच वर्षं बांधलेला असतो. 2025 मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 6.50 वरून 5.25 वर आला आणि त्यामागोमाग ठेवींचे दरही उतरले. 2024 मध्ये तिमाही ठेव केलेल्याला आज हातात आलेलं व्याज त्याच दराने कुठे ठेवता येतंय? ज्याने संचयी केली, त्याच्या व्याजालाही तोच जुना दर.

विलासकाका: ही बाजू बळकट आहे. उलटंही होतं मात्र. मे 2020 ला रेपो 4 टक्क्यांवर होता आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.50 झाला. 2020 ला संचयी केलेल्यांचं व्याज जुन्या कमी दरानेच वाढत राहिलं. पुढे दर कुठे जातील हे मी सांगू शकत नाही.

मंदार: मधेच दोन वर्षांनी घराच्या कामाला पैसे लागण्याची थोडी शक्यता आहे. त्याने फरक पडतो?

विलासकाका: पडतो. मुदतीआधी मोडलीत तर जितका काळ ठेव राहिली त्या काळाचा दर लागतो, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. तिमाही ठेवीत तुम्ही जास्त दराने व्याज आधीच घेतलेलं असतं, म्हणून फरक मुद्दलातून वसूल होतो. ते व्याज फंडात असेल आणि तेव्हाच बाजार खाली असेल तर दोन्हीकडून चिमटा. दहा लाखांची एकच पावती करू नका, अडीच-अडीच लाखांच्या चार करा. लागेल तेवढीच मोडता येईल.

ओंकार: चारही तिमाहीच करा, असं माझं अजूनही मत.

शैलजा: आणि माझं चारही संचयी!