२० गावं, ६०० घरं, तरी "नमुना जेमतेम ९० चा"? (मदत हवी आहे)

कोरीवही (धागाकर्ता)

नमस्कार. घरात नळाचं पाणी येतं का, याचं आम्ही सर्वेक्षण केलं. २० गावं कुटुंबसंख्येच्या प्रमाणात निवडली. प्रत्येक गावात घरांची यादी करून चिठ्ठ्या टाकून ३० घरं काढली. ६०० पैकी ४० टक्के घरांत नळ निघाला. नेहमीच्या सूत्राने मी अहवालात "४० टक्के, अधिक-उणे ४" लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून शेरा मारला, "हा ६०० चा नमुना नाही, जेमतेम ९० चा आहे."

६०० भरलेले फॉर्म माझ्या टेबलावर आहेत. मग ९० आले कुठून? त्याच गावांत आणखी ३०-३० घरं केली तर भागेल का? थोडा निधी उरलाय.

सरळरेघ

गावं कुटुंबसंख्येच्या प्रमाणात घेतली आणि प्रत्येक गावात घरं सारखीच घेतली, म्हणजे प्रत्येक घराला निवडलं जाण्याची संधी सारखी मिळाली. वेगळे भारांक लावायचीही गरज नाही. मला तुमचं उत्तर बरोबर वाटतं.

पायपीट

सरळरेघ, ४० हा आकडा कुठल्या बाजूला झुकलेला नाही, इथपर्यंत पटलं. पण दुसरी २० गावं चिठ्ठीत आली असती तर तो किती हलला असता, हा प्रश्न वेगळा आहे आणि भारांकाने तो सुटत नाही.

कोरीवही, फॉर्म गावानुसार लावा आणि प्रत्येक गावाची नळाची टक्केवारी काढा. त्या २० आकड्यांचं प्रमाण विचलन किती येतं ते सांगा.

कोरीवही

२३ आलं. एका गावात ३० पैकी २८ घरांत नळ आहे, दुसऱ्यात ३० पैकी २ घरांत. मांडून पाहीपर्यंत हे लक्षातच आलं नव्हतं.

पायपीट

उत्तर तिथंच आहे. नळयोजना गावाला येते, घराला नाही. २८ वाल्या गावात पहिल्या पाच घरांत नळ दिसला की सहाव्याचं उत्तर जवळजवळ कळलेलंच असतं. उरलेली २५ घरं त्या गावाबद्दल सांगतात, बाकीच्या गावांबद्दल काहीच नाही.

आता २३ ला २० च्या वर्गमुळाने भागा. स्टँडर्ड एरर ५.१ येते. तुमच्या सूत्राने ती २ होती. गावं २० च, म्हणून १.९६ ऐवजी २.०९ ने गुणा. म्हणजे ४० टक्के, अधिक-उणे ११. दोन्ही स्टँडर्ड एररच्या वर्गांचं गुणोत्तर ६.६, हाच डिझाइन इफेक्ट. ६०० भागिले ६.६ केले की ९१. बाईंचा शेरा बरोबर आहे.

उंबरठा

आम्ही लसीकरणासाठी ३० क्लस्टर गुणिले ७ मुलं असं करायचो आणि डिझाइन इफेक्ट सरसकट २ धरायचो. इथंही २ च धरा ना, अधिक-उणे साडेपाचवर भागेल.

पायपीट

तो २ क्लस्टरमागच्या ७ मुलांना धरून होता. सूत्र असं:

```
deff = 1 + (m - 1) * rho
```

deff म्हणजे डिझाइन इफेक्ट, m म्हणजे एका गावातली घरं, rho म्हणजे एकाच गावातल्या घरांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते. m ७ असताना deff २ येतो, म्हणजे rho साधारण ०.१७. तोच rho ठेवून m ३० करा, deff ६ च्या आसपास जातो. दुसऱ्याचा deff उसना घेऊ नका, घ्यायचाच तर rho घ्या, तोही त्याच प्रश्नाचा.

कोरीवही, तुमचा rho ०.१९ आहे. त्याच गावांत आणखी ३०-३० घरं केलीत तर ६०० नवे फॉर्म भरून ९१ चे ९७ होतील. उलट ५ नवी गावं घेतलीत तर १५० फॉर्मांत साधारण ११४ होतात. मुळात ६० गावांत १०-१० घरं केली असती तर त्याच ६०० फॉर्मांत २१९ झाले असते. अर्थात प्रवासाचा खर्च वाढला असता, म्हणूनच सगळे मोजकी गावं घेतात.

चौकट

बंद घरांचं काय केलंत? आमच्याकडे शेजारचं घर घ्यायचे. चूक त्यामुळेच वाढली असेल.

कोरीवही

चौकट, बंद घरं ११ च होती आणि दोनदा परत गेलो होतो. पायपीट, कुटुंबात माणसं किती, हाही प्रश्न फॉर्मात आहे. त्यालाही ६.६ च लावू?

पायपीट

नको. कुटुंबाचा आकार गावागणिक इतका बदलत नाही, तिथं deff बराच लहान येईल. प्रत्येक प्रश्नाचा वेगळा काढा. R वापरत असाल तर:

```r
library(survey)
des <- svydesign(ids = ~gaon, weights = ~wt, data = d)
svymean(~nal, des, deff = "replace")
```

gaon मध्ये गावाचा क्रमांक हवा, nal मध्ये ० किंवा १, wt सगळीकडे सारखाच चालेल. ids = ~1 लिहिलंत तर गावं विसरली जातील आणि तुमची जुनीच २ परत येईल.

सरळरेघ

भारांकाचा आणि स्टँडर्ड एररचा प्रश्न मी एकच समजत होतो. पण ५ नवी गावं नंतर घेतली तर ती निवडायची कशी? पहिली २० गावं ठरावीक अंतराने काढली असतील तर ते अंतर आता जुळणार नाही.

पायपीट

हा पेच खरा आहे. उरलेल्या यादीतून प्रमाणातच काढता येतील, पण मग सगळ्या घरांची संधी सारखी राहत नाही, wt नव्याने काढावा लागेल. पहिल्या निवडीची यादी आणि सुरुवातीचा क्रमांक जपून ठेवलाय का, त्यावर पुढचं अवलंबून आहे.

कोरीवही

यादी आहे. क्रमांक कुणाच्या वहीत आहे ते उद्या शोधतो. अहवालात आत्ता अधिक-उणे ११ लिहितोय.