‘सौर चामखीळ’ की ‘उन्हाचा खरखरीत चट्टा’? दोन केरॅटोसिसना मराठीत काय म्हणावं

मोरपीस
त्वचारोगाच्या रुग्णांसाठी असलेल्या चार पानी माहितीपत्रकाचं मराठी करते आहे आणि दुसऱ्याच पानावर अडकले आहे. मूळ मजकुरात दोन नावं शेजारीशेजारी येतात: अ‍ॅक्टिनिक केरॅटोसिस आणि सेबोरिक केरॅटोसिस. दोन्ही उतारवयात दिसतात, दोन्ही हाताला खडबडीत लागतात. पण पत्रकाचा सगळा जीव या दोहोंतल्या फरकातच आहे. पहिला डॉक्टरांना दाखवायचा, दुसरा बहुतेक वेळा ओळखून सोडून द्यायचा. मी लिप्यंतर ठेवलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘सौर चामखीळ’ आणि ‘तैल चामखीळ’ केलं. मला दोन्ही खटकतात, पण नेमकं काय खटकतं ते त्यांना पटेल असं सांगता येत नाहीये. कुणी मदत कराल का?

कोशवाला
‘केरस’ म्हणजे ग्रीकमध्ये शिंग. त्यावरून केरॅटिन, म्हणजे नखं-केस-शिंगं ज्याची बनतात ते द्रव्य. केरॅटोसिस म्हणजे कातडीचा वरचा थर शिंगासारखा जाड, कोरडा होणं. ‘अ‍ॅक्टिस’ म्हणजे किरण, त्यामुळे ‘सौर’ चुकीचं नाही. ‘सेबोरिक’मध्ये लॅटिन चरबी आणि ग्रीक वाहणं आहे. म्हणून कुणीतरी ‘तैल’ केलं असणार. व्युत्पत्तीला धरून आहे, पण अर्थाला धरून आहे की नाही ते वैद्यकातल्या माणसाने सांगावं.

चामखीळ मात्र मला इथे नको वाटते. तिचं मूळ ‘चर्मकील’, कातडीतला खिळा. वर आलेलं, टोकदार, बोटात धरता येईल असं काहीतरी. सपाट चट्ट्याला खिळा कसं म्हणणार?

साधा माणूस
इतका काथ्याकूट कशाला? दोन्ही उन्हाने होतात आणि दोन्ही म्हातारपणाचे डाग. ‘वयाचे डाग’ लिहा आणि मोकळ्या व्हा. माझं वय 68, पाठीवर तसले वीसेक असतील. काळपट तपकिरी, मेणाचा थेंब पडून वाळावा तसे. आजवर कधी काही त्रास नाही.

त्वचा ओपीडी
साधा माणूस, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण एक सांगा, उघड्या पाठीने उन्हात किती वर्षं काढलीत?

साधा माणूस
एकही नाही. कायम सदरा. हं, कळलं तुम्ही काय म्हणताय ते.

त्वचा ओपीडी
तेच. तुमचे बहुधा सेबोरिक. ते झाकल्या अंगावर, पाठीवर, छातीवर भरपूर येतात. तळहात-तळपाय सोडले तर कुठेही येऊ शकतात. त्यात घराण्याचा वाटा मोठा. ऊन थोडाफार हातभार लावत असेल, पण ते मुख्य कारण नव्हे. आणि तेलग्रंथींशी त्यांचा काहीही संबंध नाही, त्यामुळे ‘तैल’ सरळ बाद करा. मूळ नावच फसवं आहे, ती चूक आपण मराठीत कशाला आणायची? ‘तैल’ वाचून लोक दिवसातून चार वेळा साबणाने घासत बसतील.

अ‍ॅक्टिनिक मात्र खरोखर उन्हाचे. टक्कल, कपाळ, कानाची वरची कड, नाक, खालचा ओठ, हाताची पाठ. वर्षानुवर्षं जिथे ऊन पडलं तिथेच.

चाफा
माझ्या मानेवर बारीक लोंबणाऱ्या चामखिळी आहेत, पाच-सहा. त्या यातल्या कुठल्या? आणि त्या एकमेकींना लागून वाढतात असं ऐकलंय.

त्वचा ओपीडी
दोन्हींपैकी नाहीत. बारीक देठ असलेल्या मऊ लोंबत्या गाठी म्हणजे वेगळंच प्रकरण, आणि त्या संसर्गाने पसरत नाहीत. पण तुमच्या प्रश्नाने मोरपिसांचं काम सोपं केलं. ‘चामखीळ’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे हे लोंबतं येतं, नाहीतर विषाणूने होणारी, एकाची दुसऱ्याला लागणारी चामखीळ येते. सेबोरिक दिसायला चामखिळीसारखा असला तरी त्यात विषाणू नाही. ‘तैल चामखीळ’ छापलंत तर घरातले लोक आजोबांचा टॉवेल वेगळा ठेवतील.

मोरपीस
हे तपासणाऱ्यांना नक्की पटेल. मग ‘खडबडीत’ या शब्दाचं काय? तो दोन्हीकडे आलाय आणि तिथेच वाचणारा गोंधळेल असं वाटतं.

कोशवाला
मराठीत खडबडीत, खरखरीत, खरबरीत हे एका माळेतले दिसले तरी एक नाहीत. खडबडीत डोळ्यांनाही कळतं, रस्ता खडबडीत असतो. खरखरीत मात्र बोटाला कळतं, दोन दिवसांची दाढी खरखरीत असते.

त्वचा ओपीडी
वा! हा फरक मी विद्यार्थ्यांना शिकवताना चोरणार. अ‍ॅक्टिनिक चट्टा बहुतेकदा दिसायच्या आधी लागतो. फिकट लालसर किंवा कातडीच्याच रंगाचा, काही मिलिमीटरचा, कडा धड कळत नाहीत. पण बोट फिरवलं की काचकागदाचा तुकडा कातडीत बसवल्यासारखा खरखरतो. वरचा पापुद्रा नखाने निघतो, खाली किंचित लाल, आणि काही दिवसांनी पुन्हा तिथेच येतो. या ‘पुन्हा तिथेच’कडे लक्ष ठेवा.

सेबोरिक उलट. तो आधी दिसतो. कातडीच्या वर बसलेला, कड इतकी स्पष्ट की नख घातलं तर उचकटून निघेल असं वाटावं. मेणचट, भेगाळलेला, जवळून पाहिलं तर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे किंवा काळे ठिपके दिसतात. शिंगद्रव्य साचल्याचे ते.

साधा माणूस
काचकागद आता कुणाला कळतो? पॉलिश पेपर लिहा.

मोरपीस
पॉलिश पेपरच लिहिते.

आता घरातलं सांगते, कारण हे काम घेतलं ते त्यामुळेच. बाबा 74 वर्षांचे. जमीन मोजणीच्या कामात आयुष्य गेलं, टोपी कधी घातली नाही. कानशिलावर एक मोठा काळपट तपकिरी डाग, दहा-बारा वर्षांचा. आम्ही सगळे त्यालाच घाबरून होतो. डॉक्टरांनी त्यावर भिंग ठेवलं, अर्ध्या मिनिटात ‘हा राहू दे’ म्हणाले आणि बोटं टकलावरून फिरवायला लागले. तीन ठिकाणी बोट थांबलं. आम्हाला तिथे काहीच दिसत नव्हतं. बाबा मात्र म्हणाले, ‘टॉवेल तिथेच अडकतो, मी खपली काढतो, परत येते.’

दोन चट्टे पातळ होते, ते तिथेच द्रव नायट्रोजनने गोठवले. तिसरा जाडसर होता आणि दाबल्यावर बाबांनी डोकं मागे घेतलं. तो गोठवला नाही, त्याचा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आला: जाड प्रकारचा अ‍ॅक्टिनिकच, कर्करोग नाही. मग तो खरवडून काढला. अजूनही मला प्रश्न आहे की दोन लगेच गोठवले आणि तिसऱ्याला थांबवलं ते का?

त्वचा ओपीडी
कारण गोठवल्यावर तपासायला काही उरत नाही. पातळ, न दुखणारा चट्टा हाताने आणि भिंगाने पुरेसा ओळखता येतो. दाबल्यावर दुखणं, तळ घट्ट लागणं, झपाट्याने वाढणं, मध्ये जखम पडणं, रक्त येणं, यांतलं काही असेल तर तो चट्टा कर्करोगाकडे वळलाय का ते आधी पाहावं लागतं. वडिलांच्या डॉक्टरांनी बरोबर केलं.

पत्रकात एक गोष्ट जपून लिहा. अ‍ॅक्टिनिक म्हणजे कर्करोग नव्हे. एकेका चट्ट्याचं वर्षभरात तसं होण्याची शक्यता कमी असते, काही तर आपोआप जातात. पण कुठला वळेल ते आधी सांगता येत नाही, आणि एक आहे तिथे आसपास आणखी असतात. म्हणून दाखवायचा. पळत सुटायचं नाही, पण वर्षभर टाळायचंही नाही. अवयव बदललेल्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या माणसाने मात्र लवकर दाखवावं.

कोशवाला
मग ‘कर्करोगपूर्व’ म्हणावं का? तसा शब्द रूढ आहे.

त्वचा ओपीडी
पुस्तकात चालेल. ओपीडीत ‘पूर्व’ म्हटलं की लोक ‘नंतर होणारच’ असं ऐकतात. यावर आमच्यातच एकमत नाही. माझे एक सहकारी मुद्दाम तोच शब्द वापरतात, नाहीतर लोक पुन्हा तपासायला येत नाहीत म्हणतात.

चाफा
अशा चट्ट्यांना मलमही असतं ना? शेजारच्या काकांना दिलं होतं. आठवड्यात कपाळ लालभडक, खपल्याच खपल्या. त्यांनी घाबरून बंद केलं.

त्वचा ओपीडी
फ्लुरोयुरॅसिल असेल तर लाल होणं, खपल्या धरणं हेच त्याचं काम. बिघडलेल्या पेशी मरताना असंच दिसतं. दोन ते चार आठवडे लावायचं असतं, आणि हे आधी सांगितलं नाही की माणूस मध्येच सोडतो. बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि तेच मलम सेबोरिकवर चोळू नका, विनाकारण भाजल्यासारखं होईल. सेबोरिक कपड्यात अडकत असेल, खाजत असेल किंवा नुसता नको असेल तर काढता येतो. सावळ्या कातडीवर गोठवल्यानंतर पांढरा डाग राहू शकतो, तेवढं आधी बोलून घ्यावं.

कोशवाला
सेबोरिकसाठी एक जुना शब्द सुचवतो: मस. संस्कृतात मषक. सुश्रुताने क्षुद्ररोगांत तो सांगितलाय: न दुखणारा, जागचा न हलणारा, उडदासारखा काळा आणि वर आलेला. त्यावरून ‘वयाचा मस’ म्हणावं का?

मोरपीस
सुंदर आहे, पण आमच्या घरी ‘मस’ म्हणजे जन्मापासूनचा उंच तीळ. सासरी म्हणजे चामखीळ. तिसरा अर्थ कोण लक्षात ठेवणार? सध्या असं लिहिलंय: ‘उन्हाचा खरखरीत चट्टा (बोटाला आधी लागतो)’ आणि ‘वयाचा चिकटवल्यासारखा डाग (डोळ्यांना आधी दिसतो)’. लांब आहे, पण वाचणारा बोट फिरवून पाहील.

कोशवाला
ही वर्णनं झाली, नावं नव्हेत. मस सोडायला मी तयार नाही. पण पत्रक तुमचं.

साधा माणूस
एक राहिलं. तुमचं वाचून पत्नीला पाठ बघायला सांगितली. वीस नाहीत, तेवीस निघाले. बावीस एकसारखे मेणचट, पण उजव्या खांद्याखाली एक आहे तो गुळगुळीत, निळसर काळा, एक बाजू पसरलेली. ती म्हणते मागच्या दिवाळीला नव्हता. हाही त्यातलाच ना?

त्वचा ओपीडी
बावीस राहू द्या. हा एक या आठवड्यात दाखवा. न दुखणारा असला तरी. घाबरवत नाही, पण ज्याचा पोत, रंग आणि वय बाकीच्या भावंडांशी जुळत नाही त्याला केवळ गर्दीत बसलाय म्हणून त्यांच्यातला धरत नाहीत. काळे कर्करोगी डाग कधीकधी सेबोरिकसारखे दिसतात, आम्हीही भिंगाशिवाय फसतो. जाताना पत्नीला बरोबर न्या, नवा कुठला ते त्याच दाखवतील.

साधा माणूस
गुरुवारची वेळ घेतली.