पूर आल्यास सासूबाईंच्या इन्सुलिनची पिशवी कशी भरावी? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठची
आम्ही सांगलीत नदीपासून जवळ राहतो. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सासूबाई (आता ७१) नुसत्या गोळ्यांवर होत्या, निभावलं. आता दोन वेळचं इन्सुलिन आहे. ३०-७० चं, कुपीतलं, सकाळी २२ आणि रात्री १४ युनिट. यंदा ४० फुटांचा इशारा आला की निघायचं, असं घरात ठरलंय. पण शाळेतल्या निवाऱ्यात फ्रिज कुठला? किती कुप्या घेऊ, थंड कशा ठेवू आणि जेवण वेळेवर नाही मिळालं तर काय करू?

मनोहर_काका
थर्मासमध्ये बर्फ भरायचा आणि त्यात कुपी ठेवायची, दोन दिवस चिंता नाही. साखर उतरली तर क्रीमची बिस्किटं जवळ ठेवा.

औषधवाला
काका, थंड ठेवायचं हे बरोबर, पण बर्फाला कुपी टेकली आणि इन्सुलिन गोठलं की ते फेकायचंच. नंतर वितळून नेहमीसारखं दिसेल, पण त्याचा भरवसा नाही.

ताई, चालू कुपीला फ्रिजची गरजच नाही. ३० अंशांच्या आत, उन्हापासून लांब, ती चार आठवडे चालते. त्यांना दिवसाला ३६ युनिट लागतात आणि मिलीला ४० युनिटच्या १० मिलीच्या कुपीत ४०० असतात, म्हणजे एक कुपी ११ दिवसांत संपतेच. चालू कुपी आणि एक न फोडलेली घ्या, अकरा दिवस तरी सहज निघतील. माठात किंवा ओल्या फडक्यात ठेवायची युक्ती उन्हाळ्यात चांगली, पावसाळी दमट हवेत पाणी उडतच नाही म्हणून गारवाही येत नाही. तेव्हा हवा तशी थंडच असते म्हणा.

कुपी दोन तळहातांत हळू फिरवा, हलवू नका. सगळं एकसारखं दुधाळ दिसलं पाहिजे. गुठळ्या तरंगल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटले तर वापरू नका.

सगळ्यात घोटाळा होतो तो सिरिंजचा. सासूबाईंची कुपी ४० ची, तिला लाल टोपीची सिरिंज. पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन १०० चं. निवाऱ्यात कुणी मदत म्हणून काडतूस दिलं आणि लाल सिरिंजने २२ च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात ५५ युनिट जातील. उलट कुपीला केशरी टोपीची १०० ची सिरिंज लावली तर नऊही जाणार नाहीत. म्हणून लाल सिरिंजा भरपूर घ्या, कुपीसोबत एकाच डब्यात.

ओसाकाकर
आमच्याकडे भूकंपाची पिशवी कायम दाराशी असते. माझे वडील आले की औषधं दोन पिशव्यांत विभागतो, एक अडकली तर दुसरी हाताशी. पण तुम्ही पुलाजवळ राहता का? भूकंपात पूल आधी बंद करतात.

कृष्णाकाठची
भूकंप नाही हो, पूर! पण दोन पिशव्यांचं आवडलं. इन्सुलिन मात्र आधीपासून भरून ठेवता येणार नाही, म्हणून पिशवीवर "फ्रिजमधली कुपी" अशी मोठी चिठ्ठी चिकटवते. जेवणाचं सांगा ना.

औषधवाला
घरी त्या जेवणाआधी अर्धा तास टोचत असतील. निवाऱ्यात ताट समोर आल्याशिवाय टोचू नका. खिचडी येतेय येतेय म्हणत दीड तास जातो आणि साखर उतरते. घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या, १५ मिनिटांनी तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. क्रीमच्या बिस्किटांतल्या तुपाने साखर चढायला वेळ लागतो, ती नंतरच्या खाण्याला ठीक. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

तपासणीच्या पट्ट्या त्यांच्याच डबीत, झाकण घट्ट. ओल लागली की आकडा चुकतो. मीटरची जादा बॅटरी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

रेवाची_आई
माझी मुलगी टाइप १, नऊ वर्षांची. खाणं नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं का? मागे उलट्या होत होत्या तेव्हा एका शेजाऱ्याने तसंच सांगितलं होतं.

औषधवाला
टाइप १ ला पूर्ण बंद कधीच नाही, लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या जवळ ठेवा. किती कमी करायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या, मी युनिट सांगणार नाही.

कृष्णाकाठची
सासूबाई रात्री अर्धीच भाकरी खातात, मग १४ द्यायचे की कमी? सोमवारी डॉक्टरांना विचारून इथे लिहिते. आणि वापरलेल्या सुया? निवाऱ्यात लहान मुलं खेळत असतात.

मनोहर_काका
जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली घ्या, शाम्पूची वगैरे. भरली की ती कुठे द्यायची हे मात्र मलाही माहीत नाही. कुणाला माहितीये का?