मदत हवी आहे: थर्मासमधला दुधाचा चहा पहाटेपर्यंत पिण्याजोगा राहतो का?

वडिलांसोबत रुग्णालयात रात्री थांबताना मी नऊ वाजता उकळता दुधाचा चहा स्टीलच्या थर्मासमध्ये भरून नेतो. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळतो, काठोकाठ भरतो आणि झाकणाची रबरी चकती रोज काढून घासतो. घरी तापमापकाने पाहिले, तेव्हा पहाटे दोनला ६० अंश आणि पाचला ५२ अंश सेल्सिअस भरले. साठ अंशांखाली जिवाणू वाढू शकतात आणि काहींचे विष पुन्हा उकळूनही जात नाही, हे वाचले आहे. चहा मात्र फाटलेला नसतो, आंबूस वासही येत नाही. तिथे शेगडी किंवा फ्रिज नाही. साठ अंशांखाली उतरल्यावर असा चहा किती तासांपर्यंत निर्धास्त प्यावा, की कोरा चहा नेऊन त्यात दूधपावडर आयत्या वेळी घालावी?