मदत हवी आहे: कंपनीतल्या कंपनीत जागा काढली, पण कोणी अर्जच करत नाहीये

पाईपवाला_जळगाव (धागाकर्ता)
अर्जंट आहे, प्लीज लवकर सांगा. आमच्याकडे प्लॅनिंग असिस्टंटची जागा निघालीय. बाहेरून माणूस न घेता आधी आपल्याच लोकांना संधी देऊ यासाठी मालकांना मी मोठ्या मुश्किलीने तयार केलं. शॉप फ्लोअरवर सहा-सात जण तरी असे आहेत ज्यांना हे काम सहज जमेल. नोटीस लावून आठवडा झाला, आला एकच अर्ज आणि तोही त्या पोराने काल परत मागून घेतला. सोमवारी मालक विचारतील आणि मग सरळ पेपरात जाहिरात जाईल. नोटीसचा चांगला फॉरमॅट कोणाकडे असेल तर टाका ना.

भुसावळचा_फिटर
दादा, फॉरमॅट मागून घ्या पण आधी हे सांगा, माणसं किती, शिफ्ट किती, नोटीस लावली कुठे, पगार लिहिलाय का? आणि अर्ज द्यायचा कोणाकडे?

पाईपवाला_जळगाव
दोनशेच्या आसपास, तीन शिफ्ट. नोटीस ऑफिसबाहेरच्या बोर्डावर आहे. पगार "नियमाप्रमाणे" लिहिलाय. अर्ज नेहमीसारखाच, रजेच्या अर्जासारखा, खाली एचओडीची सही घेऊन एचआरला द्यायचा.

भुसावळचा_फिटर
मग झालं ना. सापडलं.

सेवानिवृत्त_पर्सोनेल_धुळे
फिटरभाऊंनी बरोबर जागी बोट ठेवलं. ती सही म्हणजे "मला तुमच्या हाताखाली राहायचं नाही" हे साहेबाला लेखी देणं आहे. निवड झाली तर ठीक, नाही झाली तर उद्यापासून परत त्याच साहेबासमोर उभं राहायचंय. त्या पोराने अर्ज परत घेतला तो काम जमणार नाही म्हणून नाही, तर त्याला कोणीतरी बोललं म्हणून, हे मी पैजेवर सांगतो.
सही काढा. अर्ज थेट एचआरकडे, बंद पाकिटात किंवा एचआरच्या मोबाईलवर फोटो पाठवून. एचओडीला कळवायचंच, पण मुलाखतीला बोलवायची यादी तयार झाल्यावर, आणि तेही उमेदवाराला आदल्या दिवशी सांगून. ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांच्याबद्दल साहेबाला काहीच कळवायचं नाही. आणि हा नियम नोटीसवर छापा, तोंडी सांगितलेल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रॉडक्शन_हेड_नंदुरबार
मी स्वतः एचओडी आहे म्हणून बोलतो, हे अजिबात पटत नाही. माझ्या लाईनचा सगळ्यात चांगला ऑपरेटर अर्ज करतोय आणि मला शेवटी कळणार? मी माणूस दोन वर्षं घडवायचा आणि प्लॅनिंगवाल्यांनी आयता न्यायचा. माझं टार्गेट कोण भरून देणार? सही म्हणजे भीती नाही, शिस्त आहे.

भुसावळचा_फिटर
साहेब, रागावू नका पण तुम्ही अडवता म्हणूनच तो माणूस आतल्या जागेऐवजी बाहेरच्या कंपनीत जातो, मग तर तुम्हाला बदली माणूस तयार करायला महिनाभर पण मिळत नाही. मी मागच्या कंपनीत मेंटेनन्समधून स्टोअरसाठी अर्ज केला होता. कोणी एक शब्द वाईट बोललं नाही हां, फक्त माझा ओव्हरटाईम बंद झाला आणि नाईट लागोपाठ यायला लागल्या. तक्रार कसली करणार, "शिफ्ट लावणं आमचा अधिकार" असंच उत्तर मिळालं असतं. बठ्ठास्ले माहित शे हे कसं चालतं ते.

सेवानिवृत्त_पर्सोनेल_धुळे
ओव्हरटाईम हीच खरी खूण. आमच्याकडे ज्यांनी अर्ज केले त्यांचं ओव्हरटाईमचं आणि शिफ्टचं रजिस्टर पुढचे सहा महिने मी स्वतः बघायचो, आधीच्या सहा महिन्यांशी ताडून. एकट्याच माणसाचे तास अचानक कमी झालेले दिसले की साहेबाला बोलावून कारण विचारायचं, लेखी. दोनदा विचारलं की पुढे कोणी तसं करायला धजत नाही.
आणि प्रॉडक्शन साहेब, तुमची अडचण खोटी नाही. तिचं उत्तर सही नव्हे, सोडण्याची मुदत. निवड झाल्यावर तुम्हाला ३० दिवस, फार तर ४५, तेवढ्यात बदली माणूस तयार करायचा. उशीर करता येईल, नकार देता येणार नाही.

प्रॉडक्शन_हेड_नंदुरबार
४५ दिवसांत एक्सट्रूडर चालवणारा तयार होत नाही हो. ज्याने कधी मशीन चालवलं नाही त्याला हे सोपं वाटतं.

कायद्याचं_बोला
इथे मूळ मुद्दाच सुटतोय. २५ किंवा त्याहून जास्त माणसं असली की जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणं १९५९ च्या कायद्याने सक्तीचं होतं, आता तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. आत नोटीस लावून भरली तर उद्या प्रॉब्लेम येईल.

सेवानिवृत्त_पर्सोनेल_धुळे
१९५९ चा कायदा बरोबर सांगितलात, पण त्यातच बढतीने भरायच्या जागा वगळल्या होत्या. ही जागा आतल्या माणसाला बढती देऊन भरणार आहेत. पेपरात जाहिरात द्यायची वेळ आली तर तुमचा मुद्दा बघावा लागेल.

केळीबाग_रावेर
आमच्या भाच्याचा शिक्षक बदलीचा अर्ज सहा महिने पडून आहे, मुख्याध्यापक पुढे पाठवतच नाहीत, त्याला पण असं थेट वर देता येईल का?

भुसावळचा_फिटर
भाऊ ते जिल्हा परिषदेचं वेगळं असतं, वेगळा धागा काढा.

पाईपवाला_जळगाव
सही आजच काढतो. पण मालक म्हणतात निवड कशी करणार ते आधी सांग, नाहीतर म्हणतील एचआरने आपला माणूस घुसवला. आणि खरं सांगायचं तर प्लॅनिंगच्या साहेबांचा पुतण्यापण डिस्पॅचमध्ये आहे, लोक म्हणतात जागा त्याच्यासाठीच काढली. तसं नाहीये, खरंच.

सेवानिवृत्त_पर्सोनेल_धुळे
हे आधी सांगायला हवं होतं, अर्ज न येण्याचं हे निम्मं कारण. पुतण्याला अर्ज करू द्या, त्याचा हक्क आहे, पण काकांनी निवडीत बसायचं नाही आणि हेही नोटीसवर लिहा.
निवडीचं म्हणाल तर गप्पांची मुलाखत नको. सगळ्यांना एकच काम द्या. उदाहरणार्थ गेल्या महिन्यातल्या खऱ्या ऑर्डरी, ६३, ९० आणि ११० एमएम पाईपच्या, गावांची नावं झाकून, दोन मशीन, आणि डाय बदलायला लागणारा वेळ. तासाभरात दोन दिवसांचा प्लॅन कागदावर मांडायचा. जो ऑर्डर आली त्याच क्रमाने लावत जाईल त्याचे डाय बदलण्यातच तास जातील. जो साईझ एकत्र करेल पण घाईची ऑर्डर मागे पडू देणार नाही, त्याला काम समजलंय. इथे मशीनवरचा माणूस ऑफिसमधल्या पोरापेक्षा सरस ठरलेला मी पाहिलाय.
तपासणारे तिघे, त्यात एक दुसऱ्या खात्यातला. कागदांवर नावं नाहीत, नंबर. प्रत्येकाने आपले मार्क आधी लिहून द्यायचे, चर्चा नंतर. नाहीतर मोठा साहेब पहिलं वाक्य बोलतो आणि बाकीचे मान हलवतात.

सीमा_अमळनेर
एक राहिलं काका. ज्यांची निवड होत नाही त्यांना कोणी सांगतच नाही, बोर्डावर एक नाव लागतं बस. आमच्याकडे मी अर्ज केला होता, मॅडमनी बोलावून माझाच कागद समोर ठेवला आणि सांगितलं की प्लॅन बरोबर आहे पण स्टॉक वजा करायचा राहिला, म्हणून गेलं. वाईट वाटलं पण कारण खरं होतं, पुढच्या वेळी मी परत अर्ज केला. आणि दादा, नोटीस कॅन्टीनमध्ये आणि टाईम ऑफिसजवळ पण लावा, बायकांच्या लाईनवरून ऑफिसच्या बोर्डाकडे कोणी जात नाही.

पाईपवाला_जळगाव
ठीक. नवी नोटीस अशी करतोय: पगार आकड्यात, शिफ्ट जनरल, दहा दिवस मुदत म्हणजे साप्ताहिक सुट्टी आणि नाईटवाले सगळे येतील, अर्ज एचआरकडे, सही नाही, प्लॅनिंगचे साहेब निवडीत नाहीत, प्रत्येकाला समोर बसवून कारण. सोमवारी मालकांकडून दहा दिवस मागून घेतो. आता एकच अडकलंय, जे सहा-सात जण म्हणालो त्यातले तिघे ठेकेदाराकडचे आहेत, त्यांनी अर्ज केला तर चालेल का?

प्रॉडक्शन_हेड_नंदुरबार
नको. ठेकेदार दुसऱ्याच दिवशी भांडायला येईल.

भुसावळचा_फिटर
का नको? चार वर्षं मशीन तेच चालवतात ना.

सेवानिवृत्त_पर्सोनेल_धुळे
पाईपवाले, ठेकेदाराशी करार काय आहे त्याचा कागद आधी बघा आणि इथे सांगा, त्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही. पण जे ठरेल ते नोटीस लागायच्या आधी ठरवा, त्यांचे अर्ज आल्यावर नाही.